दिवंगत लेखकाच्या पुस्तकाची विस्तारित आवृत्ती : कॉपीराइटच्या पानावर काय हवे आणि सुरुवातीची पाने कोणत्या क्रमाने लावावीत?

विजापूर_वेस

माझ्या वडिलांचा सोलापूरच्या गिरण्या आणि हातमाग यांवरचा ललित लेखसंग्रह १९८४ साली येथील एका प्रकाशकाने काढला होता. त्यानंतर १९९२ मध्ये तेच पुस्तक पुन्हा छापले गेले. त्या प्रतीवर ‘दुसरी आवृत्ती’ असे छापलेले आहे, पण मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तर किमतीखेरीज एका अक्षराचाही फरक नाही. वडील २००९ साली गेले आणि तो प्रकाशनव्यवसायही आता बंद झाला आहे. आम्ही भावंडे मिळून २०२६ मध्ये हे पुस्तक स्वतःच पुन्हा प्रकाशित करणार आहोत. मूळ चौदा लेखांना आम्ही पाच लेख जोडत आहोत. त्यांतील तीन लेख वडिलांच्या हयातीत वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आले होते आणि दोन त्यांच्या वहीत हस्तलिखित स्वरूपातच राहिले होते. जुन्या शब्दांवर मी शेवटी काही टिपाही लिहिल्या आहेत.

मुद्रकाने मला ‘पहिल्या फर्म्याचा मजकूर’ मागितला आहे, आणि तेथे मी अडले आहे. १९८४ च्या प्रतीत चौथ्या पानावर फक्त ‘सर्व हक्क लेखकाधीन’, प्रकाशकाचे व मुद्रकाचे नाव-पत्ता आणि किंमत एवढेच आहे. आता त्या पानावर नेमके काय लिहावे? ही दुसरी आवृत्ती म्हणावी की तिसरी? कॉपीराइटच्या चिन्हापुढे १९८४ लिहावे की २०२६? शिवाय जुनी प्रस्तावना, वडिलांचे मनोगत, माझे निवेदन, अर्पणपत्रिका आणि अनुक्रम यांचा क्रम कसा असावा, हेही जाणकारांनी सांगावे.

होटगी_रोड

ताई, मी दोन पुस्तके स्वतः छापून घेतली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वप्रथम आयएसबीएन घ्यावा. तो कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून मिळतो, आणि तो मिळाला की पुस्तकाचा कॉपीराइट आपोआप सरकारदरबारी नोंदला जातो. मजकुरात भर घातली असल्यामुळे तुम्हाला नवा क्रमांकच लागेल. तो शीर्षकाच्या पानामागे आणि मलपृष्ठाच्या तळाशी असा दोन्हीकडे छापावा. मुद्रकाचे नाव व पत्ता विसरू नका, कारण १८६७ च्या कायद्यानुसार ते नसल्यास दंड किंवा कैद होऊ शकते. कॉपीराइटपुढे २०२६ लिहावे, म्हणजे हक्काची मुदत नव्याने सुरू होते.

कडक_भाकरी

माझाही हाच प्रश्न आहे. माझी कादंबरी छापून तयार आहे, परंतु कॉपीराइट कार्यालयाचे नोंदणीपत्र अजून आलेले नाही. ते आल्याशिवाय कॉपीराइटचे पान छापता येत नाही, असे मला एका मित्राने सांगितल्यामुळे पहिला फर्मा थांबवून ठेवला आहे. विजापूर_वेस यांनीही आधी नोंदणीचा अर्ज करून मगच पुढे जावे, असे मला वाटते.

टाइपकेस

कडक_भाकरी, मूळ प्रश्न नोंदणीचा नाही, पण तुमचा फर्मा अडकला आहे म्हणून आधी तुम्हाला उत्तर देतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखन झाले की हक्क निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि पुढे वाद झालाच तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. कॉपीराइटच्या पानावर नोंदणी क्रमांक छापण्याचे कसलेही बंधन नाही. तुमचा फर्मा उद्याच छापायला द्या.

होटगी_रोड यांचे काही मुद्दे बरोबर आहेत आणि काहींत दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. नवा क्रमांक हवा आणि तो दोन ठिकाणी छापावा, हे अगदी बरोबर. परंतु आयएसबीएन देणारी राष्ट्रीय संस्था वेगळी आहे. तिलाही राजा राममोहन रॉय यांचेच नाव आहे, पण ती शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. अर्ज isbn.gov.in या संकेतस्थळावर करायचा असतो, त्याला शुल्क नाही, आणि स्वतःचे पुस्तक काढणाऱ्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. कोलकात्याचे प्रतिष्ठान ग्रंथालयांना साहाय्य करणारे आहे, ते क्रमांक देत नाही. आणि आयएसबीएनचा हक्काशी संबंध नाही. तो पुस्तकाच्या एका विशिष्ट आवृत्तीचा आणि बांधणीचा ओळखक्रमांक आहे. कापडी बांधणी आणि साधी बांधणी अशी दोन्ही काढणार असाल, तर दोन वेगळे क्रमांक घ्यावे लागतील आणि दोन्ही चौथ्या पानावर बांधणीच्या उल्लेखासह लिहावे लागतील. ई-पुस्तक काढल्यास तिसरा.

१८६७ च्या कायद्याविषयी सांगायचे, तर तो आता अस्तित्वात नाही. त्याची जागा घेणारा नियतकालिकांचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि पुस्तके त्याच्या कक्षेतून वगळली गेली. तरीसुद्धा मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता मी प्रत्येक पुस्तकात घालतो आणि घालत राहीन. पुस्तक कोठे आणि कोणाच्या जबाबदारीवर निघाले, हे वाचकाला व ग्रंथालयाला कळण्याचे ते एकच ठिकाण असते.

आता मुख्य मुद्दा, मुदतीचा. चिन्हापुढे कोणते वर्ष छापले आहे, यावर आपल्याकडे मुदत ठरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे मोजतात. तुमचे वडील २००९ साली गेले, म्हणजे मोजणी १ जानेवारी २०१० पासून सुरू होते आणि मूळ चौदा लेखांचा हक्क ३१ डिसेंबर २०६९ पर्यंत आहे. पुरवण्यांतून आलेल्या तीन लेखांचेही तसेच. वहीतल्या दोन लेखांचे मात्र वेगळे आहे. लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्धच झाले नाही, त्याची साठ वर्षे प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. ते लेख २०२६ मध्ये प्रथम छापले गेले, तर त्यांचा हक्क ३१ डिसेंबर २०८६ पर्यंत राहील. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकात अशा दोन मुदती आल्या, हे ओळखूनच चौथे पान लिहायला हवे. नुसते ‘© २०२६’ छापले, तर चाळीस-पन्नास वर्षांनी पुस्तक हाती घेणाऱ्याला चौदा लेख जुने आहेत हेच कळणार नाही. नुसते ‘© १९८४’ छापले, तर तो वहीतले लेखही त्याच मुदतीत मोजील.

ग्रंथपाल_सोलापूर

आवृत्तीच्या प्रश्नावर ग्रंथालयाच्या बाजूने लिहिते. आपल्याकडे मजकुरात काहीही बदल न करता पुन्हा छापलेल्या पुस्तकावरही ‘दुसरी आवृत्ती’ असे छापण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि १९९२ ची प्रत त्याच पद्धतीची दिसते. खरे पाहता ते पुनर्मुद्रण होते. मजकूर बदलला किंवा वाढला, की ती आवृत्ती.

तुम्ही आता शास्त्रशुद्धतेच्या आग्रहाने नव्या पुस्तकावर ‘दुसरी आवृत्ती’ छापलेत, तर आमच्या नोंदवहीत एकाच पुस्तकाच्या दोन वेगळ्या ‘दुसऱ्या आवृत्त्या’ येतील. एकीत चौदा लेख आणि दुसरीत एकोणीस. वाचकाने ‘दुसरी आवृत्ती’ मागितली, तर कपाटातून कोणती काढून द्यायची, हे कर्मचाऱ्याला कळणार नाही. संशोधकाने पृष्ठक्रमांकासह संदर्भ दिला, तर तो पडताळताना घोटाळा होईल. म्हणून माझे मत असे आहे की नव्या पुस्तकाला ‘तिसरी, विस्तारित आवृत्ती’ म्हणावे आणि १९९२ पुढे ते पुनर्मुद्रण असल्याचे स्पष्ट लिहावे. पूर्वी छापलेले शब्द आपल्याला पुसता येत नाहीत, परंतु त्यांचा खुलासा करता येतो.

या फरकाला कायद्यातही अर्थ आहे. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाने स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवाव्यात, असा १९५४ चा कायदा आहे : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईतील एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. पूर्वीच्या आवृत्तीची प्रत दिलेली असेल आणि नव्या छपाईत काहीच बदल नसेल, तर पुन्हा पाठवावी लागत नाही. तुमच्या पुस्तकात पाच लेखांची भर आहे, त्यामुळे पाठवावी लागेल. प्रकाशक तुम्ही स्वतः आहात, तेव्हा ही जबाबदारीही तुमचीच आहे.

विजापूर_वेस

आपणा सर्वांचे आभार. एका गोष्टीची नोंद करायची राहिली होती. वहीतल्या दोन लेखांपैकी एक, यात्रेच्या गड्ड्यावरचा, वडिलांनी १९८८ च्या सुमारास आकाशवाणी सोलापूर केंद्रावर वाचला होता. छापून मात्र तो कोठेही आला नाही. मग त्याला अप्रकाशित म्हणायचे का?

दुसरे असे की, जुनी प्रस्तावना ज्या प्राध्यापकांनी लिहिली होती ते १९९७ साली गेले. ती प्रस्तावना पुस्तकाचाच भाग असल्यामुळे वेगळी परवानगी लागणार नाही, असे मी धरून चालले आहे. आणि जुन्या प्रकाशकाचे काही हक्क उरले असतील का? वडिलांच्या कागदपत्रांत १९८४ चे एक पत्र आहे. त्यात ‘प्रकाशनाचे हक्क आपणास देत आहे’ एवढेच वाक्य आहे, मुदतीचा उल्लेख नाही.

टाइपकेस

पत्रापासून सुरुवात करतो. हक्क लेखी दिलेले असले आणि मुदत लिहिलेली नसली, तर ती पाच वर्षांची धरावी, असे कायद्यात आता आहे. १९८४ च्या पत्रावर तो नियम जसाच्या तसा लागू होतो की नाही, हे वकिलाने ते पत्र वाचूनच सांगावे, कारण कायद्यात मधल्या काळात दुरुस्त्या झाल्या आहेत. १९९२ च्या छपाईच्या वेळी आणखी एखादे पत्र दिले गेले होते का, तेही कागदपत्रांत शोधा. त्यात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द असेल, तर सगळे चित्रच बदलते.

प्रस्तावनेबाबत मात्र तुमचे गृहीतक धोक्याचे आहे. प्रस्तावना हे प्रस्तावनाकारांचे स्वतंत्र लेखन आहे. त्यांनी आपला हक्क लेखी दिल्याखेरीज तो दुसऱ्या कोणाकडे जात नाही. ते १९९७ साली गेले, म्हणून ३१ डिसेंबर २०५७ पर्यंत त्यांच्या वारसांचा हक्क आहे. बहुतेक कुटुंबे आनंदाने परवानगी देतात, पण ती लेखी घ्या आणि चौथ्या पानावर तसे नमूद करा. या बाबतीत मराठी पुस्तकांत फार ढिलाई असते, आणि पुढे पुस्तकाचा अनुवाद किंवा ई-पुस्तक करायची वेळ आली की नेमकी प्रस्तावनाच गाळावी लागते.

आकाशवाणीवरच्या लेखाचे उत्तर मी ठामपणे देणार नाही. छापील प्रती निघाल्या म्हणजेच प्रकाशन, असे कायदा आता मानत नाही. लोकांपर्यंत अन्य मार्गाने पोहोचवणे हेही प्रकाशनात मोडते. त्या अर्थाने प्रसारित झालेला लेख हयातीत प्रसिद्ध झालेला धरावा लागेल आणि त्याची मुदत २०६९ ला संपेल, असे माझे वाचन आहे. परंतु प्रसारण १९८८ चे आहे आणि व्याख्या नंतर बदलली आहे, त्यामुळे उलट बाजूही मांडता येईल. तुम्ही फक्त वस्तुस्थिती छापा : हा लेख अमुक केंद्रावरून प्रसारित झाला होता आणि छापील स्वरूपात प्रथमच येत आहे. निष्कर्ष ज्याला काढायचा तो काढील.

आता चौथे पान मी असे मांडीन. कंसातल्या जागी तुमचा तपशील येईल.

(पुस्तकाचे नाव) : ललित लेखसंग्रह
(लेखकाचे नाव)

© लेख : लेखकाचे वारस, त्यांच्या वतीने (एका व्यक्तीचे नाव व संपर्काचा पत्ता)
© प्रस्तावना, १९८४ : (प्रस्तावनाकारांचे नाव) यांचे वारस, त्यांच्या परवानगीने पुनर्मुद्रित
© निवेदन व टिपा, २०२६ : (तुमचे नाव)

पहिली आवृत्ती : १९८४
पुनर्मुद्रण : १९९२ (प्रतींवर ‘दुसरी आवृत्ती’ असा उल्लेख आहे)
तिसरी, विस्तारित आवृत्ती : २०२६
लेख १ ते १४ पहिल्या आवृत्तीतील. लेख १५ ते १७ यांची पूर्वप्रसिद्धी त्या त्या लेखाखाली दिली आहे. लेख १८ आकाशवाणी सोलापूर केंद्रावरून प्रसारित, मुद्रित स्वरूपात प्रथमच. लेख १९ पूर्वी अप्रकाशित.

आयएसबीएन, बांधणीसह
प्रकाशक, पत्त्यासह
मुद्रक, पत्त्यासह
मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन
मूल्य

हक्काच्या ओळीत एकाच व्यक्तीचे नाव घालायला सांगतो आहे, याचे कारण व्यवहाराचे आहे. चार भावंडांची चार नावे छापली, तर उद्या पाठ्यपुस्तकासाठी एखादा लेख मागणाऱ्याने चौघांना पत्र लिहायचे का? चौघांनी मिळून एकाला लेखी अधिकार द्यावा आणि तेच नाव छापावे. मालकी चौघांचीच राहते, पत्रव्यवहार एकाकडे जातो.

होटगी_रोड

१८६७ चा कायदा रद्द झाल्याचे मला माहीत नव्हते, सांगितल्याबद्दल आभारी आहे. मुदतीबद्दलही पटले. परंतु ‘सर्व हक्क सुरक्षित’ ही ओळ आणि तिच्याखालचा ‘लेखी परवानगीशिवाय या पुस्तकातील कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात…’ हा परिच्छेद तुमच्या नमुन्यात नाही. तो नसला, तर कोणीही उचलून छापील. तो तर असायलाच हवा.

टाइपकेस

घालायचा तर जरूर घाला, त्याने काही बिघडत नाही. पण तो परिच्छेद नसल्यामुळे हक्क जात नाही आणि असल्यामुळे नवा हक्क मिळत नाही. समीक्षेसाठी योग्य प्रमाणात अवतरणे घेण्याची मुभा कायदाच देतो, ती या परिच्छेदाने काढून घेता येत नाही. चौथ्या पानावर जागा कमी असेल, तर मी तो परिच्छेद गाळून लेखांची पूर्वप्रसिद्धी ठेवीन, कारण ती माहिती दुसरीकडे कोठेही सापडणार नसते.

नवी_पेठ

थोडे विषयांतर वाटेल, पण याच पानाशी संबंधित आहे. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान मंजूर झाले आहे. अनुदान दिले असले तरी लेखकाच्या विचारांशी मंडळ आणि शासन सहमत असतीलच असे नाही, अशा आशयाचे निवेदन छापावे लागते. ते कोठे छापावे? माझा मांडणीकार ते अर्पणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर घालू पाहतो आहे.

ग्रंथपाल_सोलापूर

मंडळाच्या पत्रात जागा सांगितलेली असेल, तर ती पाळावी. नसेल, तर चौथ्या पानाच्या तळाशी, मुद्रक-प्रकाशकाच्या ओळींच्या खाली छापावे. शब्द मंडळाने दिलेलेच ठेवावेत, आपल्या भाषेत बदलू नयेत. अर्पणपत्रिकेच्या मागे ते अस्थानी दिसते, आणि पुस्तक तपासणारे लोक आधी चौथेच पान उघडतात.

टाइपकेस

आता क्रमाकडे येतो. ताई, तुमच्या मुद्रकाने ‘पहिला फर्मा’ वेगळा मागितला, हे त्याने फार चांगले केले. डेमी आकारात एक फर्मा सोळा पानांचा असतो. पुस्तकाचा मुख्य मजकूर दुसऱ्या फर्म्यापासून पृष्ठ १ असा सुरू करायचा आणि सुरुवातीच्या सोळा पानांना अंकांऐवजी अक्षरी क्रमांक द्यायचे : सात, आठ, नऊ असे. आपल्या जुन्या ग्रंथांत हीच पद्धत आढळते आणि तिच्यामागे छपाईचे कारण आहे. पहिला फर्मा सर्वांत शेवटी छापला जातो. अनुक्रमातले पृष्ठांक मुख्य मजकूर पक्का झाल्याशिवाय भरता येत नाहीत, आयएसबीएन उशिरा येतो, निवेदनात शेवटच्या घटकेला कोणाचे तरी आभार वाढतात. मुख्य मजकुराचे क्रमांक स्वतंत्र असले, म्हणजे निवेदन दोन पानांनी वाढले तरी एकोणीस लेखांचे पृष्ठांक आणि टिपांमधले ‘पाहा पृष्ठ अमुक’ हे सारे जागच्या जागी राहते.

तुमच्या पुस्तकासाठी सोळा पाने अशी बसतात. पहिल्या पानावर फक्त पुस्तकाचे नाव. त्याच्या मागे, दुसऱ्या पानावर, लेखकाची इतर पुस्तके असल्यास त्यांची यादी, नसल्यास पान कोरे. तिसऱ्यावर पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव, ‘तिसरी, विस्तारित आवृत्ती’ आणि तळाशी प्रकाशक. चौथे आपण वर पाहिले. पाचव्यावर अर्पणपत्रिका, सहावे कोरे. सातव्या-आठव्यावर अनुक्रम. नवव्या-दहाव्यावर तुमचे निवेदन. अकरा ते चौदा जुनी प्रस्तावना आणि पंधरा-सोळा वडिलांचे १९८४ चे मनोगत. प्रत्येक नवी गोष्ट उजव्या पानावर सुरू होते आहे, हे लक्षात आले असेल. यात प्रस्तावना चार पानांत आणि मनोगत दोन पानांत बसते असे मी धरले आहे. प्रस्तावना सहा पानांची निघाली, तर सहावे कोरे पान किंवा इतर पुस्तकांची यादी वाचवून भागणार नाही, तेव्हा अर्धा फर्मा, म्हणजे आठ पाने वाढवावी लागतील. चौदा पाने भरून दोन उरली, तर मात्र ती कोरी सोडा. भरताडीसाठी अभिप्रायांची कात्रणे घालू नका.

नवे निवेदन जुन्या प्रस्तावनेच्या आधी ठेवले आहे, यावर तुम्हाला संकोच वाटेल. वडिलांच्या आणि त्यांच्या ज्येष्ठ स्नेह्यांच्या आधी आपण कसे बोलायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वाचकाच्या हाती २०२६ चे पुस्तक आहे. त्यात काय नवे आहे, जुने काय जसेच्या तसे ठेवले आहे, हे त्याला आधी कळले, तर पुढची १९८४ ची पाने तो १९८४ ची म्हणून वाचतो. त्यासाठीच प्रस्तावना आणि मनोगत या दोन्हींच्या शेवटी मूळ स्थळ आणि तारीख अवश्य ठेवा, आणि अनुक्रमातही ‘प्रस्तावना (पहिली आवृत्ती)’ असेच लिहा. गिरण्यांविषयीच्या पुस्तकात हे फारच महत्त्वाचे आहे. त्या प्रस्तावनेत वर्तमानकाळात आलेला भोंगा, पाळ्या आणि कामगारांच्या चाळी आजच्या मानल्या गेल्या, तर वाचकाचा पहिल्याच पानावर गोंधळ होईल.

ग्रंथपाल_सोलापूर

बाकी सर्व मान्य आहे, परंतु अनुक्रमाच्या जागेबद्दल माझे मत वेगळे आहे. मराठी वाचकाला प्रस्तावना आणि मनोगत संपल्यावर, मुख्य मजकुराच्या अगदी आधी अनुक्रम पाहण्याची सवय आहे. लेख शोधणारा वाचक पुस्तक उघडून पृष्ठ १ पर्यंत येतो आणि एक पान मागे उलटतो. अनुक्रम सातव्या पानावर नेला, तर त्याला दहा पाने मागे जावे लागेल. मी माझ्या टेबलावरून हे रोज पाहते.

टाइपकेस

तुमचे निरीक्षण मी नाकारत नाही. माझी अडचण अशी की अनुक्रम सोळाव्या पानावर गेला, तर प्रस्तावना, मनोगत आणि निवेदन हे तिन्ही त्याच्या मागे पडतात. मग त्यांची नोंद अनुक्रमात करायची का? केली, तर वाचक जे ओलांडून आला त्याचाच पत्ता आपण त्याला देतो. नाही केली, तर उद्या या प्रस्तावनेचा संदर्भ देणाऱ्याला ती कोठे आहे ते पाने उलटून शोधावे लागेल. ज्या पुस्तकात दोन पानांचे मनोगत एवढेच असते, तेथे तुमची पद्धत मीही वापरतो. येथे तीन वेगळ्या काळांतले तीन मजकूर आहेत, म्हणून मी अनुक्रम आधी घेतला.

ग्रंथपाल_सोलापूर

मागे पडलेल्या मजकुराची नोंद अक्षरी पृष्ठांकांसह अनुक्रमात केली, तर संदर्भ देणाऱ्याचीही सोय होते. अशी मराठी पुस्तके आमच्या कपाटात पुष्कळ आहेत आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. विजापूर_वेस यांनी आपल्या वाचकांचा विचार करून ठरवावे.

विजापूर_वेस

अनुक्रमाविषयी भावंडांशी बोलून ठरवीन. बाकी क्रम पक्का केला. प्रस्तावनाकारांच्या कन्येशी काल बोलणे झाले. त्या पुण्यात असतात, लेखी परवानगी पाठवते म्हणाल्या. १९९२ चे वेगळे पत्र अद्याप सापडलेले नाही, शोध चालू आहे, आणि दोन्हींबाबत वकिलांची वेळ घेतली आहे.

एकच विचारायचे राहिले. १९८४ ची अर्पणपत्रिका वडिलांनी गिरणीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांना उद्देशून लिहिली आहे. आम्हा भावंडांची इच्छा आहे की ही आवृत्ती वडिलांच्या स्मृतीस अर्पण करावी. जुनीच्या खाली नवी ओळ घातली, तर चालेल का?

टाइपकेस

अर्पणपत्रिका लेखकाची असते. ती जशी होती तशीच, पाचव्या पानावर एकटी राहू द्या. वडिलांच्याच पुस्तकात त्यांच्याच अर्पणपत्रिकेखाली त्यांचे नाव आले, तर कोण कोणाला काय अर्पण करते आहे, हेच वाचकाला उमगणार नाही. तुमची भावना निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहा. तेथे तुमचे नाव, ‘सोलापूर’ आणि तारीख असेल, त्यामुळे ते शब्द तुमचे आहेत हे आपोआप स्पष्ट होईल.

ग्रंथपाल_सोलापूर

फर्मा छापायला देण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहा. चौथ्या पानावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव रोमन लिपीत एका ओळीत द्या, कारण परप्रांतातील आणि परदेशांतील ग्रंथालये नोंद करताना तीच ओळ उतरवून घेतात. ती नसली, तर प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग वेगळे होते आणि एकच लेखक तीन नावांनी दिसू लागतो. वडील स्वतः सही कशी करत, ते पाहून तेच स्पेलिंग घ्या. दुसरे, ‘ISBN’ ही अक्षरे आणि त्यापुढचे अंक रोमन ठेवा आणि चौथ्या पानावरचा क्रमांक मलपृष्ठावरच्या बारकोडखालच्या क्रमांकाशी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहा. मुखपृष्ठ एकाकडे आणि आतली पाने दुसऱ्याकडे तयार होतात, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळे क्रमांक छापलेली पुस्तके आमच्याकडे येतात. मग नोंद कोणत्या क्रमांकाने करायची हे आम्हाला प्रकाशकाला विचारावे लागते.

विजापूर_वेस

वडिलांच्या पासबुकावरची आणि १९८४ च्या पत्रावरची सही काढून पाहिली, दोन्हींत आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे. पत्रावरचे घ्यावे असे वाटते, कारण ते लेखक म्हणून केलेली सही आहे. पहिल्या फर्म्याचे प्रूफ आले की चौथ्या पानाचे छायाचित्र येथे टाकते.